लाईट आल्यावर आधी नेट, मग टीव्ही, शेवटी सेटटॉप बॉक्स

आपल्याकडं बहुतेक घरांत फायबरचा मोडेम, राऊटर, सेटटॉप बॉक्स आणि टीव्ही हे सगळं टीव्हीखालच्या एकाच एक्स्टेन्शन बोर्डला लावलेलं असतं. लाईट गेली की चौघंही एकदम बंद आणि आली की चौघंही एकदम सुरू. घोटाळा होतो तो ह्या एकदम सुरू होण्यात. टीव्ही अर्ध्या मिनिटात तयार होऊन नेट शोधायला लागतो, तेव्हा राऊटर अजून जागाच झालेला नसतो. राऊटर जागा होऊन नेट मागतो, तेव्हा मोडेमनं अजून केबलवाल्याच्या यंत्राशी जोडणी केलेली नसते. ज्याला जे हवं ते त्या क्षणी मिळालं नाही की काही यंत्रं थांबून पुन्हा विचारतात, काही मात्र तिथंच अडकून बसतात. मग नेट आहे पण यूट्यूब उघडत नाही, बॉक्सचा दिवा हिरवा आहे पण पडदा काळा, असले प्रकार सुरू होतात.

नवीन कनेक्शन घेतलेल्या, किंवा मुलांनी पुण्याहून येऊन टीव्ही लावून दिला आणि परत गेले अशा घरांसाठी हे लिहितोय. बेळगाव शहरात लाईट तशी बरी असते, पण खानापूरकडं, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला, इकडं निपाणी-चिकोडीच्या खेड्यांत पावसाळाभर हा खेळ चालूच असतो. क्रम एकदा कळला की दर वेळी पंधरा मिनिटांचं काम, आणि त्यातही बराच वेळ नुसता थांबण्याचा.

क्रम असा: मोडेम, राऊटर, टीव्ही, बॉक्स. आता एकेक सविस्तर बघू, कारण पुढच्या वस्तूचं बटण कधी दाबायचं हे आधीच्या वस्तूच्या दिव्यावरून ठरतं. घड्याळ बघून ते ठरत नाही.

लाईट जाते तेव्हा

पहिलं काम लाईट येण्याच्या आधीचं आहे. लाईट गेली की भिंतीवरची बटणं बंद करून टाका. टीव्हीचं रिमोटनं बंद करणं इथं धरायचं नाही, लाईट नसताना त्याचा उपयोगही नाही. भिंतीवरचंच बटण.

कारण लाईट येताना सरळ येत नाही. फीडरवर कुठं झाडाची फांदी टेकलेली असेल तर हेस्कॉमवाले लाईन सुरू करतात, ती ट्रिप होते, फांदी काढून परत सुरू करतात. घरात आपल्याला दिसतं ते लाईट आली, गेली, परत आली. ह्या दोन-तीन हिसक्यांत बॉक्स आणि राऊटर अर्धवट सुरू होऊन बंद पडतात. बॉक्स त्याच वेळी नवीन सॉफ्टवेअर उतरवून घेत असेल आणि मधेच लाईट गेली, तर तो कायमचा लोगोवर अडकू शकतो. तसा बॉक्स मग घरी काही करून सुरू होत नाही, बदलूनच घ्यावा लागतो.

वळिवाचा पाऊस असेल, आकाशात कडकडाट चालू असेल, तर नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि बॉक्सच्या मागं स्क्रूनं बसवलेली छत्रीची किंवा केबलची वायरही काढा. ती तांब्याची आहे, छपरावरून येते, आणि वीज जवळ पडली तर त्या वायरीतून बॉक्सपर्यंत आणि बॉक्समधून एचडीएमआय वायरीनं टीव्हीपर्यंत धक्का पोचतो. हे काम गडगडाट लांब आहे तोवर करायचं, डोक्यावर आल्यावर वायरींना हात लावायचा नाही. फायबरची बारीक वायर काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. तिला हातच लावू नका, ती वाकली तर उलट नवीन काम निघतं.

लाईट आली की आधी खोलीतला दिवा आणि पंखा बघा. दिवा नेहमीपेक्षा फार झगझगीत वाटतोय, पंखा जास्तच जोरात फिरतोय, तर न्यूट्रल सुटलेला असू शकतो. अशा वेळी काहीही सुरू करू नका, मेन स्विच पाडा आणि वायरमनला किंवा 1912 ला फोन करा. दिवा मंद असेल तर मात्र फसगत होते. राऊटरच्या अडॅप्टरवर 100-240V असं छापलेलं असतं, म्हणजे कमी व्होल्टेजवरही त्याचा दिवा लागतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. दिवा नेहमीसारखा झाला आणि पाचेक मिनिटं तसाच राहिला, की मग सुरुवात करा. फ्रीजच्या स्टॅबिलायझरला काही मिनिटं थांबायची सोय मुद्दाम दिलेली असते, तेच इथं आपण हातानं करतोय.

आधी मोडेम

भिंतीतून आलेली बारीक फायबर वायर ज्या डब्यात जाते तो मोडेम. बऱ्याच घरांत आता मोडेम आणि राऊटर एकाच डब्यात असतात, अँटेना असलेला आणि फायबरही त्यातच जाणारा. तुमच्याकडं तसा असेल तर हा आणि पुढचा टप्पा एकच समजा.

मोडेमचं एकट्याचं बटण सुरू करा आणि दोन दिवे बघा. एकावर `PON` लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर `LOS`. सुरुवातीला `PON` लुकलुकतो. म्हणजे मोडेम केबलवाल्याच्या मोठ्या यंत्राला आपली ओळख सांगतोय. ओळख पटली की तो स्थिर होतो. एरवी एक-दोन मिनिटं लागतात. पण सगळ्या गावात लाईट एकदम आली असेल तर गावातले सगळे मोडेम एकदम ओळख सांगत असतात, तेव्हा थोडा जास्त वेळ धरा.

`LOS` हा दिवा विझलेला असणं चांगलं. तो लाल असेल, लाल लुकलुकत असेल, तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये. याची कारणं दोन. एक, वाटेत कुठं तरी वायर तुटली आहे. झाड पडलं, ट्रॅक्टर-ट्रॉलीवरच्या उसात अडकली, असं होतं. दोन, आपल्याकडं लाईट आली पण केबलवाल्याचं यंत्र जिथं आहे तिथं अजून आलेली नाही आणि त्याची बॅटरी संपली आहे. वाटेतल्या खांबांवरच्या फायबरच्या छोट्या डब्यांना लाईट लागत नाही, पण मुख्य यंत्राला लागते. दोन्ही प्रकारांत तुम्ही घरात कितीही वेळा बंद-चालू करा, फरक पडणार नाही. शेजारी विचारा. त्यांचंही लाल असेल तर थांबायचं. तुमचं एकट्याचंच लाल असेल तर तक्रार नोंदवा.

`PON` स्थिर झाल्याशिवाय राऊटरचं बटण दाबायचं नाही.

मग राऊटर

राऊटर सुरू झाला की त्याचा पॉवरचा दिवा लगेच लागतो, वाय-फायचा मिनिटभरानं, आणि `WAN` किंवा `INTERNET` लिहिलेला दिवा सगळ्यात शेवटी. आपल्याला हवा तो शेवटचा. वाय-फायचा दिवा लागला म्हणून लोक पुढं जातात आणि तिथंच चुकतं. वाय-फाय म्हणजे फक्त राऊटर ते टीव्ही एवढाच रस्ता. त्यापुढं नेट आहे की नाही हे `WAN` सांगतो.

बहुतेक फायबर कनेक्शनमध्ये राऊटर केबलवाल्याच्या सर्व्हरला युजरनेम आणि पासवर्ड देऊन आत शिरतो. हे पासवर्ड राऊटरमध्ये एकदाच भरून ठेवलेले असतात. एक बारीक गोष्ट इथं समजून घ्यायला हवी. लाईट अचानक जाते तेव्हा राऊटरला 'मी निघालो' असं सर्व्हरला सांगायला सवड मिळत नाही. सर्व्हरच्या हिशेबात तुमचा राऊटर अजून आतच असतो. आपण लगेच परत सुरू करून तेच युजरनेम दिलं, तर काही सर्व्हर 'हा माणूस आधीच आत आहे' म्हणून दार उघडत नाहीत. `WAN` लाल राहतो किंवा लागतच नाही. काही मिनिटांनी सर्व्हरला जुना राऊटर उत्तर देत नाही हे कळतं, तो जुनी नोंद पुसतो आणि मग नवीन आत येतो.

म्हणून दर मिनिटाला राऊटर बंद-चालू करत बसण्यात काही अर्थ नाही, त्यानं उलट घोळ वाढतो. `WAN` लाल असेल तर राऊटर बंद करून पूर्ण पाच मिनिटं बंदच ठेवा, मग एकदाच सुरू करा.

राऊटरच्या मागं `RESET` लिहिलेलं एक बारीक भोक असतं. त्यात पिन घालायची नाही. रिस्टार्ट म्हणजे लाईट काढून परत देणं. रिसेट म्हणजे भरून ठेवलेलं युजरनेम, पासवर्ड, वाय-फायचं नाव सगळं पुसून टाकणं. तसं झालं की केबलवाला घरी आल्याशिवाय नेट येत नाही, आणि पावसाळ्यात तो किती दिवसांनी येतो हे सगळ्यांना माहीत आहे.

`WAN` हिरवा झाला की मोबाईलवर एकदा तपासा, पण मोबाईलचा डेटा बंद करून, फक्त वाय-फायवर. डेटा चालू असला तर पान उघडतं ते सिमच्या नेटवर आणि आपण उगाच खूश होतो. बातम्यांचं एखादं पान नव्यानं उघडलं की हा टप्पा झाला.

तुमच्या राऊटरची दोन नावं दिसत असतील, एक साधं आणि एक शेवटी `5G` लावलेलं, तर हे दुसरं नाव कधीकधी उशिरा दिसतं. काही चॅनलवर राऊटरला आधी मिनिटभर ऐकून घ्यावं लागतं की तिथं कुठला रडार चालू नाही ना, आणि मगच तो ते वाय-फाय सोडतो. तुमचा टीव्ही ह्या दुसऱ्या नावावर असेल तर मोबाईलच्या यादीत ते नाव दिसेपर्यंत टीव्ही लावू नका.

टीव्ही तिसरा का

हा प्रश्न मला हमखास विचारतात. टीव्ही तर शेवटी लावायची वस्तू, तो बॉक्सच्या आधी कसा? कारणं दोन आहेत, एक नेटचं आणि एक एचडीएमआय वायरीचं. वायरीचं बॉक्सच्या भागात सांगतो. नेटचं आधी.

मोबाईलमध्ये बॅटरी असते म्हणून त्याचं घड्याळ चालू राहतं. बऱ्याच स्मार्ट टीव्हींत तसलं काही नसतं. भिंतीवरचं बटण बंद झालं की टीव्ही वेळ-तारीख विसरतो. परत सुरू झाला की तो एखाद्या जुन्याच तारखेवर उभा असतो, कधी 1 जानेवारी 1970, कधी त्याचं सॉफ्टवेअर तयार झालं ते वर्ष. मग तो नेटवरून खरी वेळ विचारून घेतो. नेट तयार असेल तर हे काही सेकंदांत होतं आणि आपल्याला कळतही नाही.

पण नेट तयार नसेल तर टीव्ही त्या जुन्या तारखेवरच राहतो. आता यूट्यूबसारखं ॲप सर्व्हरशी बोलायला जातं तेव्हा सर्व्हर आपलं ओळखपत्र दाखवतो, आणि त्यावर अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं. टीव्हीच्या मते आज 1970 साल. म्हणजे त्याच्या लेखी हे ओळखपत्र अजून सुरूच झालेलं नाही. टीव्ही ते खोटं समजतो आणि बोलणं तोडतो. पडद्यावर येतं की नेट नाही, किंवा काही तरी चूक झाली. वाय-फायच्या पानावर मात्र टीव्ही जोडलेला दिसतो. माणूस चक्रावतो, राऊटर बंद-चालू करतो, केबलवाल्याला शिव्या घालतो. त्या बिचाऱ्याचा ह्यात काहीच दोष नसतो.

ओळखायचं कसं? टीव्हीच्या होम पडद्यावर वर कोपऱ्यात वेळ दिसते ती बघा. भलतीच असेल तर हेच कारण. उपाय म्हणजे नेट तयार असताना टीव्ही भिंतीवरून बंद करा, मिनिट-दोन मिनिटं थांबा आणि सुरू करा. तरी वेळ चुकीचीच असेल तर सेटिंगमध्ये `Date & time` उघडून वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू आहे का बघा. कुणी तरी कधी तरी तो बंद करून हातानं वेळ लावलेली असते, मग प्रत्येक वेळी लाईट गेल्यावर हाच त्रास.

रिमोटनं बंद करून परत लावणं म्हणजे रिस्टार्ट नाही, हेही लक्षात असू द्या. रिमोटनं टीव्ही नुसता झोपतो, मेमरी तशीच राहते, अडकलेलं ॲप अडकलेलंच राहतं.

तर राऊटर तयार झाल्यावर टीव्हीचं भिंतीवरचं बटण दाबा, रिमोटनं सुरू करा, वेळ बरोबर दिसली की सोर्सचं बटण दाबून बॉक्सची वायर जिथं आहे ते निवडा, `HDMI 1` किंवा `HDMI 2`. लाईट गेल्यानंतर बरेच टीव्ही आपल्या होम पडद्यावर उघडतात, जुनं इनपुट विसरतात. नंबर आठवत नसेल तर टीव्हीच्या मागं वायर जिथं घुसवली आहे तिथंच तो छापलेला असतो.

शेवटी सेटटॉप बॉक्स

आता वायरीचं कारण. बॉक्स सुरू होताना एचडीएमआय वायरीतून टीव्हीला विचारतो की तू केवढं चित्र दाखवू शकतोस, आवाज कुठल्या प्रकारचा घेतोस. त्या उत्तरावरून तो ठरवतो की कसं चित्र पाठवायचं. शिवाय चॅनलची चोरी होऊ नये म्हणून दोघांत एक गुप्त खूणगाठही होते, ती पटली नाही तर बॉक्स चित्र देत नाही. टीव्ही पूर्ण जागा नसताना बॉक्सनं विचारलं तर उत्तर अर्धवट मिळतं. बरेच बॉक्स टीव्ही लागल्यावर परत विचारतात आणि काम भागतं. काही विचारत नाहीत. मग पडदा काळा राहतो, किंवा आवाज येतो चित्र नाही, किंवा चित्र येतं पण पूर्वीपेक्षा धूसर. टीव्ही आधी लावून योग्य इनपुटवर ठेवला की ही सगळी भानगड टळते.

बॉक्सला सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात. लोगो, मग काही टक्के, मग परत लोगो, असं चालतं. ह्या वेळात रिमोटची बटणं दाबत बसू नका आणि बंद तर अजिबात करू नका.

चित्र आलं नाही तर आधी 'सिग्नल नाही' कोण म्हणतोय ते बघा, कारण दोघंही तसंच म्हणतात. बॉक्सच्या रिमोटवरचं मेनू बटण दाबा. मेनू दिसला तर बॉक्स ते टीव्ही हा रस्ता चांगला आहे, अडचण छत्रीची किंवा केबलची आहे. मेनू दिसला नाही आणि `No Signal` असं टीव्हीच्या अक्षरांत तरंगतंय, तर इनपुट चुकलंय किंवा एचडीएमआय वायर सैल आहे. वायर दोन्हीकडून काढून घट्ट बसवा. मग टीव्ही चालूच ठेवून फक्त बॉक्स भिंतीवरून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, सुरू करा.

मेनू दिसतो पण चॅनल नाही, अशा वेळी छत्रीवाल्यांनी आधी आभाळ बघावं. खानापूर, चंदगडच्या बाजूचा मुसळधार पाऊस असेल तर छत्रीचा सिग्नल पावसातच जिरतो. पाऊस ओसरला की तो आपोआप येतो, तोवर छपरावर चढून छत्री हलवू नका, नाहीतर पाऊस थांबल्यावरही सिग्नल येणार नाही. केबलवाल्यांच्या बाबतीत गल्लीतल्या अँप्लिफायरला लाईट लागते. तो अनेकदा दुसऱ्याच लाईनवर, दुसऱ्याच कुणाच्या तरी भिंतीवर असतो. आपल्याकडं लाईट आली म्हणजे त्याच्याकडं आली असं नाही.

बॉक्स बरेच दिवस बंद राहिला असेल, म्हणजे गणपतीला घर उघडलं वगैरे, तर रिचार्ज असूनही काही चॅनलवर पैसे भरले नाहीत असं येतं. चॅनल उघडण्याची परवानगी छत्रीतून किंवा केबलमधूनच येत असते, आणि बॉक्स बंद असताना ती त्याच्यापर्यंत पोचलेली नसते. बॉक्स एखाद्या चॅनलवर चालू ठेवून अर्धा तास सोडून द्या. नाहीच आलं तर कंपनीच्या ॲपवरून किंवा केबलवाल्याला सांगून परवानगी पुन्हा पाठवायला लावा.

येळ्ळूरच्या एका घरातली गोष्ट

फोनवरून हे सगळं कसं चालतं ते एका उदाहरणावरून सांगतो. येळ्ळूरच्या एका ओळखीच्या काकूंचा संध्याकाळी फोन आला.

"अरे, सव्वासातला लाईट आली बघ. नेट आहे म्हणतंय, पण यूट्यूब उघडंना आणि ह्यांच्या बातम्या पण लागंनात. टीव्ही गेला काय रे?"

"नाही हो काकू. लाईट सरळ आली का?"

"कुठली सरळ? दोन वेळा येऊन गेली."

मी त्यांना दिवे वाचायला सांगितले. मोडेमवर `PON` स्थिर, `LOS` विझलेला. म्हणजे बाहेरची फायबर ठीक. राऊटरवर वाय-फाय हिरवा, `WAN` लाल. म्हणजे राऊटर आत शिरू शकला नव्हता. दोन वेळा लाईट येऊन गेली म्हणजे राऊटर दोन वेळा अर्धवट आत शिरून न सांगता बाहेर पडला असणार, जुन्या नोंदीची भानगड असण्याचीच शक्यता जास्त. टीव्हीवर वाय-फाय जोडलेलं, पण कोपऱ्यातली वेळ पहाटेची. बॉक्सचा दिवा हिरवा आणि `HDMI 1` वर पडदा काळा.

चार वस्तूंपैकी बिघडलेली एकही नव्हती. सगळं बंद करायला सांगितलं आणि पाच मिनिटांनी परत फोन करा म्हटलं. काकूंना हे काही पटलं नाही, "नुसतं बसून काय होणार?" म्हणाल्या, पण बसल्या.

पावणेआठला मोडेम लावला. दोन मिनिटांत `PON` स्थिर. मग राऊटर. आठला दहा कमी असताना `WAN` हिरवा झाला. काकूंनी मोबाईलचा डेटा बंद करून एक पान उघडलं, उघडलं. मग टीव्ही. होम पडद्यावर वेळ सात बावन्न, म्हणजे घड्याळ मिळालं. यूट्यूब उघडून बघितलं, चाललं. मग `HDMI 1` निवडून बॉक्स लावला. तीन मिनिटं लोगो, आणि आठच्या आत काकांच्या बातम्या.

नुसता राऊटर बंद-चालू केला असता तर नेट कदाचित आलं असतं, पण बॉक्सचा काळा पडदा त्यानं गेला नसता. नुसता बॉक्स बंद-चालू केला असता तर बातम्या लागल्या असत्या आणि यूट्यूब तसंच राहिलं असतं. दोन वेगवेगळ्या अडचणी एकाच वेळी उभ्या राहिल्या होत्या, म्हणून सगळं बंद करून क्रमानंच यावं लागलं.

दर वेळी हे करायचं नसेल तर

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रत्येक सॉकेटला वेगळं बटण असलेला एक्स्टेन्शन बोर्ड. बटणांवर मार्करनं 1, 2, 3, 4 लिहून ठेवा. घरात म्हातारी माणसं एकटीच असतील तर हा बोर्ड घ्याच. फोनवर "आता दोन नंबर दाबा" एवढं सांगितलं की पुरतं.

इन्व्हर्टर असेल तर इलेक्ट्रिशियनला सांगून मोडेम आणि राऊटर दोन्हींचा पॉइंट इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. दोन्हींचा, एकाचा नाही. मी बघितलंय, राऊटर इन्व्हर्टरवर आणि मोडेम साध्या लाईनवर, मग वाय-फाय दिसतंय पण नेट नाही. एवढं करूनही लाईट जाताना राऊटर क्षणभर बंद पडत असेल तर इन्व्हर्टरला लाईटीवरून बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतोय. मागं किंवा पुढं यूपीएस असा मोड असेल तर तो लावून बघा, त्यात बदल लवकर होतो.

इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. घेताना राऊटरच्या अडॅप्टरवरचा आकडा बघून घ्या, बहुतेक 12V असतो, त्यापुढं 1A किंवा 2A असं लिहिलेलं असतं. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. मोडेम आणि राऊटर दोन्ही एकाच छोट्या यूपीएसवर लावणार असाल तर दोघांचे अँपिअर मिळवून बघा. मोडेम-राऊटर असे चालू राहिले की लाईट आल्यावर फक्त टीव्ही आणि बॉक्स, एवढाच क्रम उरतो. लाईट खूप वेळ गेली आणि केबलवाल्याची बॅटरी संपली तर मात्र तुमचा यूपीएस असूनही नेट जाणारच.

अडॅप्टरांची अदलाबदल ही आणखी एक नेहमीची भानगड. मोडेम, राऊटर आणि बॉक्स तिघांचे अडॅप्टर काळे, तिघांची पिन सारखीच, आणि बऱ्याचदा तिन्ही 12V. घर साफ करताना ते बदलतात. बॉक्सला 2A लागत असताना मोडेमचा 0.5A चा अडॅप्टर लागला तर दिवा लागतो, लोगो येतो, आणि जास्त करंट लागायची वेळ आली की बॉक्स परत पहिल्यापासून सुरू होतो. लोगो, बंद, लोगो, बंद असं फिरत असेल तर बॉक्स गेला म्हणायच्या आधी अडॅप्टरवरचा आकडा बॉक्सच्या खाली लिहिलेल्या आकड्याशी ताडून बघा. आजच प्रत्येक अडॅप्टरवर पांढरी पट्टी चिकटवून नाव लिहून टाका.

एवढं करूनही नेट आलं नाही तर केबलवाल्याला फोन करताना 'नेट चालंना' एवढंच सांगू नका, तो 'बंद करून चालू करा' म्हणून फोन ठेवेल. दिवे सांगा: "`PON` स्थिर आहे, `LOS` बंद आहे, `WAN` लाल आहे, पाच मिनिटं बंद ठेवून लावून बघितलं." एवढ्यात त्याला कळतं की अडचण त्याच्या लॉगिनमध्ये आहे, माणूस पाठवायची गरज नाही, आणि बऱ्याचदा तो दुकानात बसूनच तुमची अडकलेली नोंद काढून देतो. `LOS` लाल असेल तर तेच पहिल्यांदा सांगा, आणि शेजारच्यांचा दिवा कसा आहे तेही, म्हणजे शिडी घेऊन तुमच्या दारात यायचं की गावच्या वेशीवरच्या खांबावर चढायचं हे त्याला निघायच्या आधीच ठरवता येतं.